एकक वॅटच येतं, तरी पॉवर दुप्पट का?

प्रश्न: ठाण्यात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. 2000 µF चा कपॅसिटर, त्यावरचं व्होल्टेज v = 3t. t = 4 s ला करंट आणि पॉवर काढायची आहे. q ला t ने भागलं तर करंट 6 mA आला, तो बरोबर आहे. W = qv धरून डेरिव्हेटिव्ह घेतलं तर पॉवर 144 mW. मित्राने W = ½qv घेऊन t ने भागलं, त्याचं 36 mW. पुस्तकात 72 mW आहे. तिन्हींचं एकक वॅटच येतंय, मग एकक तपासून उपयोग काय?

उत्तर:

एकक तपासल्याने काही चुका पकडल्या जातात, काही नाही. तुमच्या आणि मित्राच्या चुका नेमक्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. तरीही एकक पायरीपायरीने तपासत गेलं, फक्त शेवटी नाही, तर चूक कुठे शिरली ती जागा सापडते. तसंच करू.

सुरुवातीला एक सवय लावून घ्या. या विषयात C हे कपॅसिटन्सचंही चिन्ह आणि कूलॉमचंही, W हे कार्याचंही आणि वॅटचंही. म्हणून एककं मी अक्षरांत लिहितोय. वहीतही काही दिवस तसंच लिहा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

v = 3t मधला 3 हा नुसता आकडा नाही. डाव्या बाजूला व्होल्ट, उजवीकडे t सेकंदात, म्हणजे 3 चं एकक व्होल्ट प्रति सेकंद असलंच पाहिजे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवलं नाही तर पुढे डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर सेकंद कुठून आले आणि कुठे गेले याचा पत्ता लागत नाही. t = 4 सेकंदाला v = 12 व्होल्ट.

आता चार्ज. q = Cv, आणि 2000 µF म्हणजे 0.002 फॅरड. फॅरड म्हणजे कूलॉम प्रति व्होल्ट, त्याला व्होल्टने गुणलं की कूलॉम उरतात. q = 0.006t, इथे 0.006 चं एकक कूलॉम प्रति सेकंद. चौथ्या सेकंदाला q = 0.024 कूलॉम.

करंट म्हणजे dq/dt. यातल्या d ला स्वतःचं एकक नसतं. dq हा चार्जचाच छोटासा तुकडा आहे, म्हणून कूलॉम. dt हा वेळेचा तुकडा, म्हणून सेकंद. भागाकार कूलॉम प्रति सेकंद, म्हणजेच अँपिअर. i = 0.006 अँपिअर, 6 mA.

तुम्ही q/t केलंत आणि उत्तर जुळलं, पण पद्धत बरोबर होती म्हणून नाही. q चा आलेख सरळ रेषा आहे आणि ती शून्यातून जाते, म्हणून जुळलं. कपॅसिटर आधीच 3 व्होल्टवर असता, म्हणजे v = 3 + 3t, तर चौथ्या सेकंदाला q = 0.030 कूलॉम झाला असता आणि q/t ने 7.5 mA दाखवला असता. खरा करंट 6 mA च, कारण आधीपासून साठलेला चार्ज आत्ता तारेतून वाहत नाहीये. डेरिव्हेटिव्ह घेताना तो स्थिर भाग आपोआप गळतो, भागाकारात गळत नाही. एकक दोन्हीकडे अँपिअर. म्हणजे पहिली नजरेआड राहणारी चूक करंटमध्येच होती, फक्त तिने त्रास दिला नाही.

मुख्य अडचण कार्याच्या पायरीला आहे. W = qv यात एकक अगदी बरोबर आहे: कूलॉम गुणिले व्होल्ट म्हणजे जूल. पण हे सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा सगळा चार्ज एकाच व्होल्टेजवर ढकलला जातो. इथे व्होल्टेज शून्यापासून 12 पर्यंत चढत गेलंय. पहिल्या सेकंदात आलेल्या चार्जसाठी 0 ते 3 व्होल्टच लागले, त्याच्यासाठी 12 व्होल्टचा हिशोब लावता येणार नाही. म्हणून तुकड्यातुकड्याने लिहायचं: dW = v dq. एकक पुन्हा व्होल्ट गुणिले कूलॉम, जूल. v च्या जागी q/C घालून बेरीज केली की W = q²/2C मिळतं. तपासा: कूलॉम वर्ग भागिले (कूलॉम प्रति व्होल्ट) म्हणजे कूलॉम-व्होल्ट, म्हणजे जूल. आकडा: 0.000576 भागिले 0.004, म्हणजे 0.144 जूल. मित्राचं ½qv हेच आहे, त्याची ही पायरी बरोबर.

वेळेच्या भाषेत W = 0.009t², इथे 0.009 चं एकक जूल प्रति सेकंद वर्ग. डेरिव्हेटिव्ह 0.018t, जूल प्रति सेकंद वर्ग गुणिले सेकंद म्हणजे जूल प्रति सेकंद, म्हणजे वॅट. चौथ्या सेकंदाला 0.072 वॅट. दुसऱ्या वाटेनेही तेच: dW/dt = v × dq/dt = 12 व्होल्ट × 0.006 अँपिअर = 0.072 वॅट. P = vi हे सूत्र कुठून आलं हेही इथे दिसतं. dW = v dq च्या दोन्ही बाजूंना dt ने भागलं, बस.

आता तुमचे 144. qv चं डेरिव्हेटिव्ह गुणाकाराच्या नियमाने उघडून पाहा, दोन पदं मिळतात:

```
d(qv)/dt = v·dq/dt      + q·dv/dt
         = 12 × 0.006   + 0.024 × 3
         = 0.072        + 0.072
```

पहिलं पद व्होल्ट गुणिले कूलॉम प्रति सेकंद, वॅट. दुसरं कूलॉम गुणिले व्होल्ट प्रति सेकंद, तेही वॅट. एककाच्या चाळणीतून दोन्ही सुखरूप निघतात. पण दुसऱ्या पदाचा अर्थ काय होतो ते बघा: जो चार्ज आधीच येऊन बसलाय, त्याच्यावर वाढलेल्या व्होल्टेजचा हिशोब. तो चार्ज आता हलत नाही, त्याच्यासाठी स्रोताला आता काही कार्य करावं लागत नाही. हे पद फाजील आहे. एकक ते पकडत नाही, कारण एककाला "कुठला चार्ज" हे कळत नाही. ½ सारखा नुसता आकडाही त्याला दिसत नाही. ते तुम्हाला dW लिहितानाच पाहावं लागतं.

मित्राचं 0.144 ÷ 4 = 0.036 वॅट ही पहिल्या चार सेकंदांची सरासरी पॉवर आहे. प्रश्न मात्र चौथ्या सेकंदाच्या क्षणाचा आहे. हा फरक घरच्या वीजमीटरवर छान दिसतो. बिलावरचे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, ते कार्य आहे, पॉवर नाही. एक युनिट 36 लाख जूल. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा मीटरप्रमाणे बदलतो, आपला वाचून घ्या. 3200 असेल तर एक लुकलुक म्हणजे 36,00,000 भागिले 3200, म्हणजे 1125 जूल. बाकी सगळं बंद करून फक्त 1000 वॅटची इस्त्री लावली आणि ती तापत असेल, तर दोन लुकलुकींमध्ये 1.125 सेकंद जातील. जूल भागिले सेकंद, वॅट. अगदी छोट्या काळाचा ΔW/Δt तुम्ही डोळ्यांनी मोजताय. महिन्याचे युनिट भागिले महिन्याचे तास केलंत तरी एकक वॅटचंच, पण त्यावरून आत्ता इस्त्री चालू आहे की बंद हे कळणार नाही. दहा लुकलुकी मोजताना मात्र पहिल्या लुकलुकीला "शून्य" म्हणा. "एक" म्हणून सुरुवात केलीत तर दहापर्यंत नऊच अंतरं भरतात आणि पॉवर 1111 वॅट निघते.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण तो बऱ्याच वह्यांमध्ये दिसतो: "qv मधलं अर्धं साठलं, अर्धं उष्णतेत गेलं." तुमच्या उदाहरणात असं काही झालेलं नाही. कपॅसिटरला जे 0.144 जूल मिळाले ते सगळे साठले. उष्णतेची गोष्ट वेगळ्या मांडणीची आहे, 12 व्होल्टच्या बॅटरीतून रेझिस्टरमार्गे चार्ज करताना. तिथे बॅटरीचं व्होल्टेज स्थिर असतं, म्हणून बॅटरीने केलेलं कार्य खरंच 12 × 0.024 = 0.288 जूल. त्यातले 0.144 कपॅसिटरमध्ये आणि 0.144 रेझिस्टरमध्ये, मग रेझिस्टर कितीही असो. म्हणजे W = qv बॅटरीसाठी बरोबर आणि कपॅसिटरसाठी चूक, एकाच सर्किटमध्ये.

हे टेबलावर करून बघायचं तर 1000 µF, 25 V चे दोन कपॅसिटर पॅरलल लावा (पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह), 10 kΩ चा रेझिस्टर सिरीजमध्ये, 12 व्होल्ट स्थिर सप्लाय. आधी कपॅसिटरवर 1 kΩ दहा सेकंद धरून तो रिकामा करा. मग सप्लाय जोडल्यापासून 15 आणि 25 सेकंदांना व्होल्टेज वाचा. गणिताने 6.33 आणि 8.56 व्होल्ट यायला हवेत. फरक 2.23 व्होल्ट, काळ 10 सेकंद, म्हणजे उतार 0.223 व्होल्ट प्रति सेकंद. त्याला 0.002 कूलॉम प्रति व्होल्टने गुणलं की 0.446 mA, हा 20 व्या सेकंदाच्या आसपासचा करंट. आता 20 व्या सेकंदाचं व्होल्टेज 7.59 घेऊन रेझिस्टरवरून पडताळा: (12 − 7.59) भागिले 10 kΩ, 0.441 mA. एक टक्क्याचा फरक आहे, कारण आपण डेरिव्हेटिव्हऐवजी 10 सेकंदांचा तुकडा घेतला. तुमच्या q/t ने याच जागी 0.759 mA आला असता, कारण इथे q ची रेषा वाकलेली आहे.

प्रत्यक्षात दोन करंटमध्ये 10-20 टक्के फरक दिसला तर पद्धतीवर शंका घेऊ नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची छापील किंमत बहुतेक वेळा ±20 टक्क्यांचीच असते. रेझिस्टरवरून काढलेला करंट खरा धरा, त्याला मोजलेल्या उताराने भागा. अँपिअर भागिले व्होल्ट प्रति सेकंद म्हणजे कूलॉम प्रति व्होल्ट, आणि तुमच्या हातातल्या जोडीचे खरे फॅरड मिळतील.