आर्थिक बुडबुडे समजून घ्यायचेत? मुंबईपासून सुरुवात करा

हॉलंडमधला ट्यूलिपचा आणि इंग्लंडमधला साउथ सी कंपनीच्या शेअरांचा बुडबुडा नंतर बघा; आधी 1865ची मुंबई घ्या. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस बाहेर येईना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा शेअरांत शिरला. समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000च्या घरात गेला.

नवखे इथेच चुकतात, भावच बघत बसतात. तुम्ही दोन गोष्टी शोधा:

- कर्ज कशावर दिलं? बँक ऑफ बॉम्बेने शेअरच तारण घेऊन पैसे वाटले. भाव पडला तसं तारणही गेलं.
- फेडायचं कधी होतं? पुढच्या तारखेला पैसे द्यायच्या बोलीवर केलेले शेअरांचे सौदे, म्हणजे वायदे, चुकते करायचा दिवस होता 1 जुलै 1865. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, यादवी संपत आली, कापसाचा भाव कोसळला आणि जुलैत बहुतेकांकडे द्यायला पैसेच नव्हते.

या तेजीतले मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे व्यवहार एवढ्यात उघडू नका, गुंता मोठा आहे.