नळ्या बंद निघाल्या, पण दावा उभा राहील केसपेपरवर

प्रश्न : "मी खानापूर तालुक्यातली. पावणेतीन वर्षांपूर्वी ताप येऊन ओटीपोटात दुखत होतं. बेळगावच्या खासगी दवाखान्यात एक रात्र ठेवलं आणि लघवीचा संसर्ग म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुखणं थोडंथोडं राहिलंच. मूल राहीना म्हणून चार महिन्यांपूर्वी तपासलं, तर दोन्ही गर्भनळ्या बंद. त्या डॉक्टरांवर केस करता येईल का?"

ताई, करता येईल. पण नळ्या बंद आहेत एवढ्यावर निकाल लागणार नाही. निदान चुकलं म्हणजे हलगर्जी झालीच, असं कोर्ट मानत नाही. त्या दिवशी साधारण कौशल्याच्या डॉक्टरनं जे करायला हवं होतं ते केलं का, हे पाहिलं जातं.

तरुण बाईच्या ओटीपोटात दुखत असेल तर आतून तपासणी करावी लागते. गर्भपिशवीचं तोंड हलवताना किंवा पिशवीच्या बाजूला दाबल्यावर दुखलं आणि दुसरं कारण दिसलं नाही, तर नळ्या बंद करू शकणारा ओटीपोटातला संसर्ग धरून लगेच औषध सुरू करायचं असतं. सोनोग्राफी साफ आली तरी हा आजार नाही असं म्हणता येत नाही. रूढ उपचार म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल दिवसातून दोनदा, पूर्ण १४ दिवस. तीन दिवसांत फेरतपासणी, नवऱ्यालाही औषध.

म्हणून आधी केसपेपर मिळवा. त्यावर 'पी. व्ही.' म्हणजे आतल्या तपासणीची नोंद आहे का ते पाहा. नोंद असून 'दुखत नाही' असं लिहिलं असेल, तर तुमची बाजू बरीच लंगडी होते. नोंदच नसेल, तर तुम्हीच तपासणीला नकार दिलात असं ते डॉक्टर म्हणतील. पण तसा नकारही कागदावर हवा. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षंच जपायचं बंधन आहे, त्यामुळे याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जानंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात.

खरी अडचण मुदतीची आहे. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांत करावी लागते. नुकसान नंतर कळलं तर कळल्या दिवसापासून मोजता येतं, पण २०१० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं नऊ वर्षं दुखणं अंगावर काढलेल्या बाईला ही सवलत दिली नाही. "दुखणं राहिलंच" हे तुमचं वाक्य समोरचा वकील नेमकं पकडेल. मधल्या काळात कुणाला दाखवलं असेल, तर त्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं शोधा. तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्जही जोडा.

शिवाय क्षयरोगानंही नळ्या बंद होतात. तो नव्हता हे दाखवणारे रिपोर्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचं लेखी मत असल्याशिवाय मी तरी तक्रार दाखल करणार नाही.

आणि ताई, पाळी चुकली तर थांबू नका. खराब नळीत गर्भ अडकण्याचा धोका असतो. लगेच लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या.