नव्या करप्रणालीत पीपीएफ आणि ईएलएसएस चालू ठेवायचे का?

प्रश्न: मी जळगावला एमआयडीसीत नोकरीला आहे, वय 39. पगार वर्षाला 16 लाख, त्यात मूळ पगार महिन्याला 70 हजार. घर वडिलोपार्जित, कर्ज नाही. पीपीएफ 2014 पासून आहे, दरवर्षी मार्चमध्ये 1 लाख भरतो, आता 17 लाखांच्या आसपास झालेत. ईएलएसएसची 5 हजारांची एसआयपी एप्रिल 2019 पासून. ऑफिसात म्हणाले, नवी करप्रणाली घेतली की 80सीचा उपयोग नाही. मेव्हणे म्हणतात, मग दोन्ही बंद कर, ईएलएसएस मोडून भुसावळ रोडला प्लॉट घे. काय करू?

उत्तर: भाऊ, ऑफिसवाल्यांचं अर्धं खरं आहे. आधी तेवढं तपासून घेऊ.

2025-26 साठी नव्या प्रणालीत तुमच्या 16 लाखांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट जाते आणि 15 लाख 25 हजारांवर उपकरासह 1,13,100 रुपये कर बसतो. जुन्या प्रणालीत 80सीचे पूर्ण दीड लाख, मेडिक्लेमचे 25 हजार आणि 50 हजारांची प्रमाणित वजावट धरली तरी कर 2 लाख 34 हजार होतो. गृहकर्ज नाही, घरभाडं नाही, म्हणून जुन्या प्रणालीत तुमच्या हाताशी दुसरं काही उरत नाही. तेव्हा नवीच घ्या.

पण 80सी गेलं म्हणजे पैसे भरताना मिळणारी सूट गेली. व्याजावरची आणि नफ्यावरची सूट वेगळी असते, ती नव्या प्रणालीतही जशीच्या तशी आहे. मेव्हण्यांच्या हिशेबात नेमकं हेच सुटलंय.

पीपीएफचंच बघा. सध्याच्या 7.1 टक्क्यांनी 17 लाखांवर वर्षाला 1 लाख 20 हजारांहून थोडं जास्त व्याज येतं आणि त्यावर कर शून्य. तेवढंच व्याज बँकेच्या मुदत ठेवीतून आलं असतं तर ते पगारात मिळवलं गेलं असतं, काही भाग 20 टक्क्यांच्या टप्प्यात गेला असता आणि 21 हजारांच्या आसपास कर भरावा लागला असता. इतक्या सुरक्षित जागी करमुक्त 7.1 टक्के तुम्हाला आज दुसरीकडे सहज मिळणार नाहीत. खात्याची मुदत 1 एप्रिल 2030 ला पुरी होते, म्हणजे शेवटची चार वर्षं राहिलीत. आता हात आखडता घेऊ नका.

एक सवय मात्र बदला. तुम्ही मार्चमध्ये भरत होता, कारण ऑफिसला पुरावा तेव्हाच द्यायचा असे. आता पुराव्याचा प्रश्नच मिटला. पीपीएफमध्ये महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. 20 मार्चला भरलेल्या लाखाला त्या वर्षाचं एक पैशाचंही व्याज मिळत नाही. तोच लाख 5 एप्रिलच्या आत खात्यात जमा झाला तर वर्षाचे पूर्ण 7,100 मिळतात. चेकने भरणार असाल तर चार दिवस आधीच टाका, कारण चेक वटल्याची तारीख धरली जाते.

आता ईएलएसएस. इथे माझं मत वेगळं आहे. या फंडात तीन वर्षं पैसे अडकवायचे ते 80सीसाठी. ती सूटच नाही तर नवा हप्ता कुलपात ठेवायचं कारण उरलं नाही. एसआयपी थांबवा आणि तेच 5 हजार साध्या निफ्टी इंडेक्स फंडात सुरू करा. बाजारातली गुंतवणूक चालू राहील आणि गरज पडली तर पैसे काढता येतील.

जुने युनिट एकदम मोडू नका. प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं स्वतंत्र मोजतात. त्यामुळे आज, जानेवारी 2026 च्या अखेरीला, तुमचे जानेवारी 2023 पर्यंतचे 46 हप्तेच मोकळे आहेत, म्हणजे 2 लाख 30 हजारांची खरेदी. त्याची आजची किंमत 4 लाख 80 हजार धरू, तर नफा अडीच लाख. नेमका आकडा कॅम्स किंवा केफिनटेकच्या भांडवली नफ्याच्या विवरणपत्रात बघा.

सगळं एकाच आर्थिक वर्षात विकलं तर सव्वा लाख नफा माफ. उरलेल्या सव्वा लाखावर साडेबारा टक्के आणि उपकर, म्हणजे 16,250 रुपये गेले. तेच सव्वा लाखाच्या नफ्याइतके युनिट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात विकले आणि बाकीचे एप्रिलमध्ये, तर आर्थिक वर्षं दोन होतात. माफी हीच राहिली तर कर शून्य.

इथे लोक हमखास एका जागी चुकतात. अर्धा नफा काढायचा म्हणून अर्धे युनिट विकतात. विक्रीत सर्वांत जुने युनिट आधी जातात आणि 2019-20 चे युनिट स्वस्तात घेतलेले असल्याने नफा त्यांच्यातच जास्त असतो. अर्धे विकले तर सव्वा लाखाची रेषा कधी ओलांडली ते कळतही नाही. हप्त्याहप्त्याचा नफा वरून बेरीज करत या आणि सव्वा लाखाच्या अलीकडेच थांबा. विकलेले पैसे परत ईएलएसएसमध्ये घालू नका, पुन्हा तीन वर्षं अडकतील. इंडेक्स फंडात घातले तर नवं एक वर्ष सुरू होतं, त्याच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर. आणि कर शून्य आला तरी ही विक्री विवरणपत्रात दाखवायचीच. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात ती आधीच दिसत असते.

ही माफी दुप्पट करायला पैसे पत्नीच्या नावावर टाकून तिथून फंड घ्यावा असं वाटेल. तुम्ही बक्षीस दिलेल्या पैशांवरचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात. वहिनींची स्वतःची कमाई असेल तर ती गोष्ट वेगळी.

प्लॉटचं थोडक्यात सांगतो. जमिनीच्या नफ्याला ही सव्वा लाखाची माफी नाही, दीर्घकालीन ठरायला दोन वर्षं लागतात, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणीचा खर्च पहिल्याच दिवशी जातो. राहायला घर आहे. नुसती गुंतवणूक म्हणून प्लॉटसाठी चालतं पोर्टफोलिओ मोडावं असं मला वाटत नाही. घ्यायचाच झाला तर एनएचा आदेश आणि मंजूर ले-आउट स्वतः वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका.

नव्या प्रणालीत पैसे भरतानाची मोठी सूट एकच उरलीय, ती म्हणजे मालकाने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत ती करातून वगळतात. तुमच्या बाबतीत वर्षाला 1,17,600. कंपनीने ही रक्कम विशेष भत्त्यातून काढून एनपीएसला वळवली तर साधारण 18,300 रुपये कर वाचतो. तुम्ही स्वतः भरलेल्या रकमेला ही सूट नाही, कंपनीकडूनच गेली पाहिजे. हातात येणारा पगार महिन्याला 8 हजारांहून जास्त घटेल, पैसे निवृत्तीपर्यंत अडकतील आणि त्यातला एक भाग पेन्शनच्या रूपातच मिळेल. मुलांच्या शिक्षणाचा खर्च जवळ आला असेल तर 14 ऐवजी 7 टक्केच घ्या. पगाराची फोड बहुतेक कंपन्या एप्रिलमध्येच बदलून देतात, म्हणून एचआरला मार्चच्या आत लेखी विचारा.