दोन्ही किडन्या नसलेलं बाळ: आई-वडिलांशी काय बोलायचं

प्रश्न: मी स्त्रीरोग विभागात रेसिडेंट आहे. 20व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाला दोन्ही किडन्या नाहीत, पाणीही नाही असं दिसलं की आई-वडिलांना सांगायचं काम आमच्याकडे येतं. कोणत्या क्रमानं, कोणत्या शब्दांत बोलायचं? आम्ही गर्भपाताचं सांगून थांबतो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे नेमकं काय सांगायचं असतं?

उत्तर:

आधी निदान पक्कं झालंय ना, ते पाहा. पाणी नसलं की चित्र धूसर येतं आणि किडनीच्या रिकाम्या जागी आडवी पसरलेली ॲड्रिनल ग्रंथी किडनीसारखी भासू शकते. कलर डॉपलरवर किडनीच्या धमन्या दिसतात का, आणि अर्धा-पाऊण तास थांबूनही मूत्राशय भरतं का, हे दुसऱ्या अनुभवी तज्ज्ञानं पाहिलेलं असावं. मूत्राशय भरत असेल तर पाणी कमी होण्याचं कारण वेगळं असणार, आणि मग खालचं काहीच बोलायचं नाही.

बातमी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेल्या बाईला सांगू नका. तिला उठून नीट बसू द्या, नवऱ्याला किंवा जे कोणी सोबत असेल त्यांना आत बोलवा. मी साधारण असं बोलते:

"बाळाच्या दोन्ही किडन्या तयार झालेल्या नाहीत. सोळाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतूनच येतं, म्हणून तुमच्या पोटात पाणी उरलेलं नाही. पाणी नसलं की फुप्फुसं वाढत नाहीत. त्यामुळे जन्मल्यावर बाळाला श्वास घेता येणार नाही. काही बाळं पोटातच जातात. जी जिवंत जन्मतात, ती बहुतेक काही मिनिटं किंवा काही तास जगतात. तुमच्या हातून काही चुकल्यामुळे हे झालेलं नाही."

एवढं बोलून गप्प बसा. ही शांतता आपल्यालाच सहन होत नाही आणि आपण घाईनं पर्यायांवर येतो. त्या वेळी सांगितलेलं त्यांच्या कानावरून जातं. पहिला प्रश्न त्यांच्याकडून येऊ द्या.

बहुतेक आया विचारतात, "आत्ता त्याला त्रास होतोय का?" याचं उत्तर ठामपणे देता येतं: नाही. पोटात असेपर्यंत रक्त शुद्ध करण्याचं काम वार करते. अडचण नाळ कापल्यानंतर सुरू होते. वडील बहुधा डायलिसिसचं आणि किडनी बदलण्याचं विचारतात. तिथे सांगायचं की किडनीच्या आधी फुप्फुसं कमी पडतात. कोणी इंटरनेटवर गर्भाशयात पाणी सोडण्याच्या उपचाराबद्दल वाचलेलं असतं. तो विषय उडवून लावू नका. अमेरिकेतल्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं वारंवार पाणी सोडल्यावर 17 बाळं जिवंत जन्मली. त्यातली 14 बाळं दोन आठवड्यांपुढे जगून डायलिसिसपर्यंत पोचली, पण रुग्णालयातून घरी गेली फक्त 6. हा उपचार मोजक्या केंद्रांत होतो आणि त्यानंतरही बाळाचा काळ डायलिसिसवर जातो, हे आकड्यांसकट सांगा. याच कारणानं मी 'कुठेच काही होत नाही' हे वाक्य वापरत नाही.

पर्याय शक्यतो दुसऱ्या बैठकीत, एक-दोन दिवसांनी. मात्र कायद्यातली आठवड्यांची मर्यादा आणि लागणाऱ्या परवानग्या तुम्ही आधीच पाहून ठेवा, म्हणजे "वेळ घ्या" म्हणताना तो वेळ किती आहे हेही सांगता येतं. गर्भपाताबद्दल बोलताना प्रक्रिया खरी सांगा: आधी एक गोळी, एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या, मग प्रसूतीसारख्याच कळा, त्यासाठी वेदनाशामक. बाळ हातात घेता येतं. दिवस पुढे गेले असतील तर आधी इंजेक्शननं बाळाचं हृदय थांबवावं लागू शकतं, हेही आधीच सांगायला हवं. गर्भारपण पुढे न्यायचं ठरलं तर आईला पाणी नसल्यामुळे सहसा वेगळा धोका नसतो, पण बाळ पायाळू असण्याची शक्यता बरीच असते. दोन्ही वाटांना सारखा वेळ द्या. एकीवर दहा मिनिटं आणि दुसरीवर अर्धं वाक्य बोललात, तर निर्णय तुम्हीच घेतला असं होतं.

आता पॅलिएटिव्ह केअर. "काही न करणं" असा तिचा अर्थ घरच्यांच्या मनात पटकन बसतो. म्हणून काय काय करणार ते एकेक करून सांगावं लागतं. एका जोडप्याचं सांगते. पहिलं गर्भारपण होतं, दोघांनी ते पुढे न्यायचं ठरवलं. 28व्या आठवड्याच्या सुमारास आम्ही नवजात शिशुतज्ज्ञांना बरोबर घेऊन बसलो आणि सगळं कागदावर लिहिलं. कळांमध्ये बाळाच्या ठोक्यांवर सतत देखरेख ठेवायची नाही, कारण ठोके बिघडले की सिझेरियनची घाई सुरू होते आणि त्यानं बाळ वाचणार नसतं. सिझेरियन फक्त आईसाठी गरज पडली तर. जन्मल्यावर नळी घालायची नाही, छाती दाबायची नाही. बाळाला पुसून, टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर द्यायचं, वरून ऊबदार पांघरूण. धाप किंवा अस्वस्थता दिसली तर मॉर्फिनचा वजनानुसार अगदी लहान डोस गालाच्या आत, सुई न टोचता. डोस आधीच काढून लेबल लावून ठेवायचा. ऐन वेळी कपाटाची किल्ली शोधण्यात बाळाचं सगळं आयुष्य निघून जाऊ शकतं.

वडिलांनी विचारलं, "तो गुदमरताना आम्ही नुसतं बघायचं?" यावर गोल उत्तर देऊ नका. मी सांगितलं, "शेवटी तो थांबून थांबून आचके दिल्यासारखा श्वास घेईल. रंग निळसर होईल. मध्येच सगळं थांबल्यासारखं वाटेल आणि पुन्हा एक श्वास येईल. तोवर तो बहुधा शुद्धीत नसेल, ती मेंदूची आपोआप होणारी क्रिया असते. त्रासाची खूण दिसली तर औषध आमच्या हातात असेल आणि आम्ही खोलीतच असू." हे आधी ऐकलेलं असलं की तो आचका आल्यावर घरचे "काहीतरी करा" म्हणून धावत नाहीत.

36व्या आठवड्यात प्रसूती झाली. बाळ साधारण तासभर जगलं. मॉनिटर लावला नव्हता. नर्स अधूनमधून स्टेथोस्कोप टेकवून ठोके सांगत होती. वडिलांनी बाळाचं नाव घेऊन त्याला हाक मारली. नर्सनं पावलांचे ठसे घेतले, ते मात्र बाळ जिवंत असतानाच, त्यांच्यासमोर. हा कागद आई-वडिलांना किती हवासा असतो ते पाहिल्यापासून ठशांची शाई मी यादीत सर्वांत वर लिहिते. तो दिला की नाही, हे घरी सोडण्यापूर्वी तपासा.

यादीत आणखी दोन शक्यता असू द्या: बाळ मृत जन्मलं तर, आणि अपेक्षेपेक्षा जास्त जगलं तर. दुसरी बरेचदा राहून जाते. सहा तास झाले तरी बाळ श्वास घेतंय तर काय पाजायचं, कुठे ठेवायचं, निदानाचा फेरविचार कोण करणार, हे ठरलेलं हवं.

नंतरचं थोडं आहे, पण ते सुटतं. दोन-चार दिवसांत आईचे स्तन दुधानं भरून येतात आणि तिला कोणी सांगितलेलंच नसतं. दूध थांबवायचं असेल तर रक्तदाब पाहून कॅबरगोलिन आधीच द्या. शवविच्छेदन आणि जनुकीय तपासणीबद्दल प्रसूतीपूर्वीच विचारा, पण आग्रह नको. दोन्ही पालकांच्या किडन्यांची सोनोग्राफी मात्र आवर्जून करायला सांगा. एखाद्याला जन्मतःच एक किडनी नसते आणि त्याचा पत्ताही नसतो. तसं निघालं तर पुढच्या बाळाला असलेला धोका वाढतो, आणि पुढच्या गर्भारपणात मूत्राशय व किडन्या पाहायला 20व्या आठवड्याची वाट न पाहता आधीच बोलवावं लागतं.