टेक्निकल रायटरच्या रेझ्युमेत सपोर्टची तिकिटं कमी झाल्याचं कसं लिहावं?

प्रश्न: माझ्या गाइडमुळे सपोर्टकडे येणारे प्रश्न कमी झाले. हे रेझ्युमेत कसं लिहू? टूल्सची यादी वेगळी देऊ का?

उत्तर: एकाच ओळीत दस्तऐवज, वाचक, टूल आणि आकडा बांधा, टूल्सची वेगळी यादी खाली दोन ओळींत पुरे. मी या पदासाठी रेझ्युमे चाळतो. नुसतं ‘मॅडकॅप फ्लेअर, मार्कडाउन, गिट’ वाचून त्यात काय लिहिलं, कुणासाठी लिहिलं, काहीच कळत नाही. आकडा मात्र दर हजार ग्राहकांमागे काढा. समजा, गाइडआधी ४,००० ग्राहक आणि इन्स्टॉलेशनची महिन्याला २०० तिकिटं होती. नंतर ६,००० ग्राहक आणि १८० तिकिटं. वरवर घट १० टक्केच दिसते, पण हजारी प्रमाण ५० वरून ३० वर आलं, म्हणजे ४० टक्के घट. मग ओळ अशी होते:

> सिस्टम अ‍ॅडमिनसाठीचं इन्स्टॉलेशन गाइड फ्लेअरमध्ये नव्याने लिहिलं. इन्स्टॉलेशनची तिकिटं दर हजार ग्राहकांमागे ४० टक्के घटली.

तिकिटं विषयवार मोजा. पासवर्डची तिकिटं यात मिसळली की हिशेब बिघडतो. आणि त्याच सुमारास इन्स्टॉलरही सुधारला असेल, तर ‘नव्या इन्स्टॉलरसोबत’ असं लिहाच. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.