फ्रिज द्यायच्या आधी खात्यातली नोंद कशी बघायची?

प्रश्न: जुना फ्रिज ९,५०० रुपयांना विकतोय. घेणारा स्वतः येणार नाही, टेम्पोवाला पाठवतोय, आणि पैसे यूपीआयने टाकून मला स्क्रीनशॉट पाठवतो म्हणतोय. स्क्रीनशॉट खरा आहे हे कसं ओळखायचं?

स्क्रीनशॉट बघून ते ओळखता येत नाही, त्यामुळे त्या फंदात पडू नका. हिरवी खूण, तुमचं नाव, रक्कम, वेळ, सगळं हुबेहूब दाखवणारी खोटी अ‍ॅप्स आहेत. समोर मोबाइल धरून 'पैसे गेले' दाखवलं तरी तेच. आणि स्क्रीनशॉट खरा असला तरी तो फक्त त्याच्या बाजूचं सांगतो. तुमच्या खात्यात पैसे आले की नाही, ते तुमचंच खातं सांगणार.

टेम्पो यायच्या आधीच एक काम करून ठेवा. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन शिल्लक कागदावर लिहून ठेवा आणि शेवटची नोंद कोणती आहे ते बघून ठेवा. समजा शिल्लक ६,२४०.३५ आहे. पैसे आल्यावर ती १५,७४०.३५ व्हायला हवी. पण नुसत्या शिलकेवर थांबू नका, कारण मधेच एखादा हप्ता कापला गेला तर बेरीज जुळत नाही आणि उगाच गोंधळ होतो. मिनी स्टेटमेंट उघडा आणि नवी नोंद वाचा.

यूपीआयच्या नोंदीत साधारण `UPI/CR/` किंवा तशीच काही सुरुवात असते, मग बारा आकडी नंबर आणि पाठवणाऱ्याचं नाव. मांडणी बँकेप्रमाणे बदलते. `CR` म्हणजे जमा, `DR` म्हणजे नावे. घाईत लोक रक्कम बघतात आणि ही दोन अक्षरं बघतच नाहीत. रक्कम, तारीख आणि जमा हे तिन्ही जुळलं, की घेणाऱ्याला त्याच्याकडच्या नंबरचे शेवटचे चार आकडे विचारा आणि तुमच्या नोंदीशी ताडून बघा. इथे एक गफलत नेहमी होते: अ‍ॅपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक वेगळा असतो. फोनपेमध्ये तो `T` ने सुरू होतो, गुगल पेमध्ये अक्षरं-आकडे मिसळलेले असतात. तुम्हाला हवा तो बारा आकड्यांचा, ज्याला यूटीआर किंवा यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी म्हणतात. तो जुळला नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नका, आधी कुठला नंबर वाचून दाखवतोय ते विचारा.

एसएमएसवर मात्र अजिबात विसंबू नका. 'तुमच्या खात्यात ९,५०० जमा' असा मेसेज कोणीही टाइप करून पाठवू शकतो. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाहीच. उलट खरे पैसे येऊनही बँकेचा मेसेज उशिरा येतो, त्यामुळे मेसेज नाही म्हणजे पैसे नाहीत असंही नाही.

नोंद दिसत नसेल तर आधी बरोबर खातं बघताय ना ते तपासा. मोबाइल नंबरवर टाकलेले पैसे त्या नंबरच्या यूपीआयला जे मुख्य खातं जोडलंय तिथे जातात. दोन बँकांत खाती असतील तर भलत्याच खात्यात शोधत बसाल. म्हणून आपला यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड स्वतःच द्या आणि त्याला कुठलं खातं जोडलंय ते आधी बघून ठेवा.

तिथेही नसेल तर फ्रिज दारातच राहू द्या. 'सर्व्हर डाउन आहे, माझे तर कापले गेलेत, टेम्पोचं भाडं चढतंय' हे ऐकायला मिळेल. कधी कधी ते खरंही असतं. पण त्याचे पैसे कापले गेले आणि तुम्हाला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या खात्यात परत जायला हवेत. म्हणजे थांबून त्याचं नुकसान होत नाही, हे त्याला शांतपणे सांगा. एनईएफटी केली असेल तर ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फेऱ्यांमध्ये जाते, थोडा वेळ लागणारच. चेक भरला असेल तर नोंद दिसली तरी ती वटण्यावर अवलंबून असते. अशा वेळी एकूण शिल्लक नाही, काढता येण्याजोगी शिल्लक वाढली का ते बघा.

पैसे 'घेण्यासाठी' पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पिन लागतो तो पैसे देताना.

नोंद नीट जुळली तरी पाठवणाऱ्याचं नाव एकदा वाचा. ज्याच्याशी बोलणं झालं त्याऐवजी तिसऱ्याच माणसाच्या नावाने पैसे आले असतील, तर कोण आहे ते विचारा. घरचं कोणी असेल तर प्रश्न नाही. पण ते फसवणुकीतून आलेले पैसे निघाले, तर पुढे तक्रार झाल्यावर तेवढी रक्कम तुमच्या खात्यात अडकवली जाऊ शकते. उत्तर पटलं नाही, तर फ्रिज देऊ नका आणि ते पैसे दुसऱ्या कुठल्या नंबरवर परतही पाठवू नका. सरळ आपल्या बँकेला कळवा आणि ते सांगतील तसं करा.