दीडशे युरोंखालच्या पार्सलांची सीमाशुल्क माफी

प्रश्न : परदेशातून मागवलेल्या स्वस्त पार्सलांवरची सीमाशुल्क माफी युरोप आता का काढून घेत आहे?

उत्तर : ही माफी मुळात प्रशासकीय सोयीची होती, कारण किरकोळ पार्सल तपासण्याचा खर्च त्यावरच्या शुल्काहून जास्त होई. मात्र 2024 मध्ये अशी सुमारे 4.6 अब्ज पार्सले युरोपीय संघात आली आणि त्यांतील सुमारे 91 टक्के चीनमधून होती.

समजा, कोणी 200 युरोंचे कपडे मागवले. कपड्यांवर साधारण 12 टक्के शुल्क आहे, म्हणजे 24 युरो व्हायला हवेत. पण विक्रेत्याने तोच माल शंभर-शंभर युरोंच्या दोन पार्सलांत पाठवला किंवा कागदोपत्री किंमत 140 दाखवली, की शुल्क शून्य होते. तोच कपडा कंटेनरने आणणारा स्थानिक व्यापारी मात्र पूर्ण 12 टक्के भरतो, आणि त्याची तक्रार मला रास्त वाटते. मूल्यवर्धित करावरची 22 युरोंपर्यंतची सूट 2021 मध्येच गेली होती.

आता 1 जुलै 2026 पासून दीडशे युरोंखालच्या पार्सलांतील प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे 3 युरो शुल्क घ्यायचे ठरले आहे. ही तात्पुरती सोय आहे, पण कमी किंमत दाखवून ते चुकवता येत नाही.